बहात्तर गुणांचे दोघे

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची ओरल. डेटा स्ट्रक्चर्सचा एक्स्टर्नल सॉर्टिंगवर आला की बहुतेक मुलांच्या तोंडून एकच उत्तर निघतं : "सर, क्विक सॉर्ट." का, असं विचारलं तर म्हणतात, "सगळ्यात फास्ट आहे म्हणून." नावातच वेग असल्यामुळे उत्तर ऐकायला बरं वाटतं. पण जाणकार परीक्षक प्रश्न असा मोकळा सोडत नाही, तो अटी घालतो. उदाहरणार्थ असा :

एका परीक्षेला बसलेल्या १० लाख विद्यार्थ्यांच्या नोंदी बैठक क्रमांकानुसार ठेवल्या आहेत. त्या गुणांच्या उतरत्या क्रमाने लावायच्या आहेत. ज्यांचे गुण सारखे, त्यांचा आपसातला क्रम आहे तसाच राहिला पाहिजे. माहिती कशीही आली तरी लागणारा वेळ `n log n` च्या पटीत राहिला पाहिजे. आणि जादा मेमरी जवळजवळ वापरायची नाही. कोणती पद्धत निवडाल?

पुस्तकात या विषयाचा एक तक्ता असतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तो घोकला जातो. तक्ता खोटा नाही. तरी या प्रश्नाला त्यातली एकही ओळ पुरी पडत नाही आणि परीक्षकाला नेमकं तेच पाहायचं असतं.

पहिली अट क्रम टिकवण्याची. सॉर्टिंगच्या भाषेत अशा पद्धतीला 'स्टेबल' म्हणतात. शब्द अवघड वाटतो, गोष्ट मात्र तीन नोंदींत समजते. क्रमांक १ ला ७२ गुण, क्रमांक २ लाही ७२ आणि क्रमांक ३ ला ८५. उतरत्या क्रमाने लावल्यावर यादी ३, १, २ अशी यायला हवी. ८५ वाला वर जाईल आणि ७२ चे दोघे आधी होते तसेच, १ मग २, राहतील.

आता हेच काम सिलेक्शन सॉर्टला देऊ. ही पद्धत यादीतला सर्वांत मोठा आकडा शोधते आणि त्याची पहिल्या जागेवरच्या नोंदीशी अदलाबदल करते. सर्वांत मोठा ८५ आहे, तो तिसऱ्या जागेवर. अदलाबदल झाली की ३ पहिल्या जागेवर येतो आणि १ थेट शेवटी फेकला जातो. यादी होते ३, २, १. गुणांच्या दृष्टीने ती अगदी बरोबर आहे, पण ७२ चे दोघे उलटे झाले. हीप सॉर्टने केलं तरी या तीन नोंदींवर हेच उत्तर येतं. दोन्हींतलं कारण एकच : लांबच्या नोंदींची अदलाबदल. नोंद एकदम लांब उडी मारते तेव्हा मधे बसलेल्या आपल्या बरोबरीच्या नोंदीला ती ओलांडून जाते आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

मर्ज सॉर्टमध्ये अशी उडी नसते. यादीचे दोन भाग करायचे, प्रत्येक भाग लावून घ्यायचा आणि मग दोन्ही भागांच्या डोक्यावरच्या नोंदी ताडून एकेक उचलत जायची. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये ही पद्धत मांडली. वरच्या उदाहरणात डावीकडे एकटा १ आहे, उजवीकडे ३ आणि २. आधी ८५ वाला उचलला जातो. मग दोन्हीकडे ७२ उरतात. बरोबरी झाली तर डावीकडचा घ्यायचा, म्हणजे १ आधी आणि २ नंतर. सगळं स्थैर्य या एका निर्णयावर उभं आहे :

```
if (left[i].marks >= right[j].marks)
    out[k++] = left[i++];
else
    out[k++] = right[j++];
```

यातलं `>=` चुकून `>` झालं तर बरोबरीच्या वेळी उजवीकडची नोंद उचलली जाईल आणि यादी पुन्हा ३, २, १ होईल. प्रोग्राम चालेल, गुण उतरत्या क्रमाने दिसतील, कुठेही एरर येणार नाही. "मर्ज सॉर्ट स्टेबल असतो" हे पाठ केलेलं वाक्य अशा वेळी खोटं पडतं, कारण स्टेबल असतो तो नीट लिहिलेला मर्ज सॉर्ट.

ही चूक पकडायची कशी? नोंदींना आधी अनुक्रमांक चिकटवायचे, यादी लावायची आणि मग लागोपाठच्या सारख्या गुणांमध्ये अनुक्रमांक चढता आहे का ते पाहायचं. मात्र चार-पाच नोंदींवर समाधान मानू नये. क्रोम ब्राउझरमधलं जावास्क्रिप्टचं इंजिन २०१८ पर्यंत १० किंवा त्याहून कमी घटकांसाठी इन्सर्शन सॉर्ट वापरायचं, जो स्टेबल असतो. त्याहून मोठ्या यादीला ते क्विक सॉर्ट लावायचं, जो स्टेबल नसतो. त्यामुळे टेबलावर बसून दहा नोंदींवर तपासलेला प्रोग्राम पास व्हायचा आणि अकरावी नोंद आली की सारख्या किमतींचा क्रम केव्हाही विस्कटायचा. पुढे इंजिनमधली पद्धत बदलली आणि २०१९ च्या जावास्क्रिप्ट मानकात सॉर्टिंग स्टेबल असणं सक्तीचं झालं.

दुसरी अट वेळेची, आणि क्विक सॉर्टची खरी परीक्षा इथे होते.

टोनी होर यांना ही पद्धत १९५९ मध्ये मॉस्कोत शिकत असताना सुचली. एक नोंद 'पिव्होट' म्हणून निवडायची, तिच्याहून मोठे एकीकडे आणि लहान दुसरीकडे करायचे आणि मग दोन्ही भागांवर पुन्हा तेच. पिव्होट दर वेळी साधारण मधला निघाला तर यादी अर्धी-अर्धी होत जाते. १० लाखांचे अर्धे, त्याचे अर्धे असं करत गेलं तर सुमारे २० पायऱ्यांत एक उरतो. दर पायरीला सगळ्या नोंदी एकदा तपासायच्या, म्हणजे एकूण सुमारे २ कोटी तुलना. `n log n` म्हणतात ते हेच. सेकंदाला १० कोटी तुलना करणारा संगणक धरला तर पाव सेकंदही लागत नाही.

पण पिव्होट म्हणून नेहमी पहिली नोंद घेतली आणि यादी आधीच क्रमाने लागलेली असली, तर अर्धे-अर्धे होतच नाही. एका बाजूला शून्य नोंदी आणि दुसऱ्या बाजूला उरलेल्या सगळ्या. आठ नोंदींना ७ अधिक ६ अधिक ५ असं करत २८ तुलना लागतात. १० लाखांना हीच बेरीज ५० हजार कोटींवर जाते. त्याच संगणकाला आता सुमारे ८३ मिनिटं लागतील. क्रमाने लागलेली यादी ही काही दुर्मिळ चीज नाही. काल लावलेल्या यादीत आज दोन नावं घालून कुणीतरी पुन्हा बटण दाबतंच.

पिव्होट हुशारीने निवडला की झालं, असं वाटणं साहजिक आहे. युनिक्सच्या `qsort` मध्ये तशी काळजी घेतलेली होती. तरी १९९१ च्या उन्हाळ्यात बेल लॅब्जमधल्या अ‍ॅलन विल्क्स आणि रिक बेकर यांना दिसलं की काही मिनिटांत संपायला हवं ते काम तास उलटले तरी चाललेलंच आहे. त्यांनी ते थांबवलं नसतं तर आठवडे लागले असते. माहिती अगदी साधी होती : आकडे १, २, ३ असे चढत जातात आणि मग त्याच क्रमाने उतरतात, घाटातल्या रस्त्यासारखे. त्या क्विक सॉर्टला नेमका हाच घाट चढवेना. पुढे जॉन बेंटली आणि डग्लस मॅकइलरॉय यांनी ते फंक्शन नव्याने लिहिलं. त्याच मॅकइलरॉय यांनी १९९९ मध्ये, जवळपास कोणत्याही क्विक सॉर्टला रडवणारी माहिती मुद्दाम कशी तयार करायची याची कृतीही प्रसिद्ध केली.

गुणवत्ता यादीच्या प्रश्नात आणखी एक खाच आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. गुण ० ते १०० एवढेच असू शकतात आणि विद्यार्थी आहेत १० लाख. सोयीसाठी १०० वेगवेगळे गुण समसमान विभागले गेले असं धरू. म्हणजे प्रत्येक गुणाला १० हजार विद्यार्थी. पुस्तकांत हमखास दिलेली जी सोपी विभागणी असते, ती पिव्होटच्या बरोबरीचे सगळे एकाच बाजूला ढकलते. मग त्या १० हजार सारख्या नोंदींत पिव्होट कुठलाही निवडा, दर वेळी एकच नोंद कमी होते. एका गुणाच्या गटाला ५ कोटी तुलना, शंभर गटांना ५०० कोटी. पाव सेकंदाचं काम ५० सेकंदांवर गेलं. पिव्होट यादृच्छिक निवडूनही हे टळत नाही, कारण दोष पिव्होटचा नसून सारखेपणाचा आहे. उपाय म्हणजे दोनऐवजी तीन भाग करणं : मोठे, लहान आणि बरोबरीचे. बरोबरीच्यांना पुन्हा हातच लावायचा नाही. हे न सांगता जो विद्यार्थी "रँडम पिव्होट घेऊ, सर" म्हणून सुटका करून घेतो, त्याने दिलेल्या माहितीकडे पाहिलेलं नसतं.

तिसरी अट मेमरीची. मर्ज सॉर्ट इथे अडखळतो. दोन भाग एकत्र करताना उचललेल्या नोंदी ठेवायला वेगळी जागा लागते, तीही मूळ यादीएवढी. एक नोंद २०० बाइटची धरली तर १० लाख नोंदी म्हणजे सुमारे २०० एमबी आणि जादा जागाही आणखी २०० एमबी. व्यवहारात यावर एक सोपी युक्ती करतात. नोंदी जागेवरून हलवायच्याच नाहीत, फक्त त्यांचे पत्ते लावायचे. एक पत्ता ८ बाइटचा, म्हणून पत्त्यांची यादी ८ एमबी आणि मर्ज करायला आणखी ८ एमबी. जागा खूप वाचली. पण ती अजूनही नोंदींच्या संख्येबरोबर वाढतेच, त्यामुळे प्रश्नातली अट काही पाळली गेली नाही.

नोंदी अ‍ॅरेऐवजी लिंक्ड लिस्टमध्ये असत्या तर गोष्ट वेगळी होती. तिथे प्रत्येक नोंदीकडे पुढच्या नोंदीचा पत्ता असतोच. मर्ज करताना फक्त ते दुवे बदलायचे, सामान हलवायला वेगळी खोली लागत नाही. म्हणून "मर्ज सॉर्टला जादा मेमरी लागते" हे वाक्य अ‍ॅरेपुरतं खरं आहे. प्रश्नात नोंदी कशात ठेवल्यात ते दिलेलं नसेल तर आधी तेच विचारावं.

क्विक सॉर्टला जादा मेमरी लागत नाही, हेही अर्धसत्यच. तो स्वतःला पुन्हा पुन्हा बोलावतो आणि दर बोलावण्याची आठवण स्टॅकवर राहते. विभागणी बरी झाली तर ही रास २०-३० थरांची असते. पण वर पाहिलेल्या वाईट परिस्थितीत ती १० लाख थरांची होते. एका थराला ६० बाइट धरले तरी ६० एमबी झाले, आणि लिनक्सवर प्रोग्रामला स्टॅक साधारण ८ एमबीचा मिळतो. म्हणजे ती ८३ मिनिटं मोजायची वेळच येत नाही, प्रोग्राम त्याआधीच कोसळतो. लहान भागासाठी स्वतःला बोलवायचं आणि मोठा भाग लूपमध्येच हाताळायचा, एवढं केलं तर रास २० थरांवर थांबते. वेळेचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

आता निकालपत्रक मांडू. इन्सर्शन सॉर्ट स्टेबल आहे, मेमरीही मागत नाही, पण वेळेत नापास. मर्ज सॉर्ट स्टेबल आणि वेळेचा पक्का, मेमरीत नापास. हीप सॉर्ट वेळेत आणि मेमरीत पास, स्थैर्यात नापास. तिघांनाही एकेका विषयाची एटीकेटी. क्विक सॉर्टला स्थैर्य आणि वेळ अशा दोन विषयांची, आणि मेमरीत तो काठावर. तिन्ही विषयांत पास होणाऱ्या पद्धती नाहीतच असं नाही. यादीच्याच थोड्या जागेचा गोदामासारखा वापर करून मर्ज करणाऱ्या पद्धती आहेत. पण त्या इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की ओरलला फळ्यावर कुणी लिहून दाखवेल ही अपेक्षाच नाही.

मग उत्तर काय? ते प्रश्नाच्या पहिल्याच वाक्यात दिलेलं आहे. नोंदी बैठक क्रमांकानुसार लागलेल्या आहेत, आणि बैठक क्रमांक दोघांना सारखा नसतो. म्हणजे "समान गुणांचा क्रम जपा" याचा अर्थ "समान गुण असतील तर बैठक क्रमांक लहान तो आधी". हे तुलनेच्या नियमातच लिहून टाकलं की झालं :

```
if (a.marks != b.marks)
    return a.marks > b.marks;
return a.seat < b.seat;
```

आता कुठल्याही दोन नोंदी 'सारख्या' उरत नाहीत, त्यामुळे स्थैर्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हा नियम हीप सॉर्टला दिला की तिन्ही अटी पुऱ्या होतात. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांची ही १९६४ ची पद्धत सरासरीने क्विक सॉर्टपेक्षा मंद पडते, कारण हीपमध्ये उतरताना मेमरीत दर वेळी दुप्पट लांब उडी मारावी लागते आणि प्रोसेसरला जवळची माहिती लवकर मिळते, लांबची नाही. पण प्रश्नाने सरासरी विचारलेली नाही. लिनक्सच्या कर्नेलमध्येही अ‍ॅरे लावायला हीप सॉर्टच आहे. तिथल्या टिपणीत स्वच्छ लिहिलंय की क्विक सॉर्ट सरासरीने थोडा वेगवान आहे, पण त्याच्या वाईट परिस्थितीचा कुणी मुद्दाम गैरफायदा घेऊ शकतं आणि त्याला जादा मेमरीही लागते, म्हणून तो इथे नको.

ही युक्ती कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. नोंदी बैठक क्रमांकानुसार नसून नुसत्या आल्या त्या क्रमाने असतील आणि त्यांच्यावर कसलाच क्रमांक नसेल, तर तो आपल्याला चिकटवावा लागेल. १० लाख नोंदींना ४-४ बाइटचा अनुक्रमांक म्हणजे ४ एमबी. पुढच्या दाराने अडवलेली मेमरी मागच्या दाराने आत आली. अशा वेळी परीक्षकाला सरळ विचारावं की कोणती अट थोडी सैल चालेल.

मेमरीची अट सैल झाली, तर या यादीसाठी सर्वांत सुटसुटीत उपाय तुलना न करणाऱ्या काउंटिंग सॉर्टचा. गुण ० ते १०० म्हणून १०१ डबे. पहिल्या फेरीत कोणत्या गुणाचे किती ते मोजायचं. मग वरून बेरीज करत प्रत्येक गुणाची पहिली जागा ठरवायची : १०० गुणांचे ४० असतील, तर ९९ वाल्यांची सुरुवात एकेचाळिसाव्या जागेपासून. दुसऱ्या फेरीत नोंदी बैठक क्रमांकाच्या क्रमाने वाचत जाऊन आपापल्या जागी ठेवायच्या. लहान क्रमांक आधी वाचला जातो म्हणून आधीची जागा त्याला मिळते, आणि स्थैर्य आपोआप येतं. १० लाख नोंदींच्या दोन फेऱ्या, बस्स. नव्या यादीसाठी पत्त्यांचे ८ एमबी मात्र लागतात. आणि नावानुसार लावायचं असेल तर ही पद्धत उपयोगाची नाही, कारण शक्य असलेल्या नावांचे डबे करता येत नाहीत.

सी प्लस प्लस या भाषेने तर ही ओढाताण नियमातच लिहिली आहे. तिथलं `std::sort` वेळेची हमी देतं, स्थैर्याची देत नाही. स्थैर्य हवं असेल तर वेगळं `std::stable_sort` आहे. जादा मेमरी मिळाली तर ते `n log n` वेळात काम करतं आणि नाही मिळाली तर त्याला आणखी एका `log n` च्या पटीची मुभा आहे. १० लाख नोंदींना ही पट सुमारे २० ची.

अटी न वाचण्याची चूक फक्त विद्यार्थीच करतात असंही नाही. लिनक्सवर बहुतेक प्रोग्राम ज्या ग्लिबसी लायब्ररीच्या आधाराने चालतात, तिच्या `qsort` मध्ये कित्येक वर्षं आतून मर्ज सॉर्ट होता. २०२३ च्या शेवटी तो काढून जादा मेमरी न मागणारी पद्धत बसवली गेली. नियमाप्रमाणे त्यात काहीच चूक नव्हती, कारण सी भाषेच्या मानकाने `qsort` स्टेबल असल्याचं वचन कधीच दिलेलं नाही. पण अनेक प्रोग्राम ते वचन आहे असं समजूनच लिहिलेले निघाले. सारख्या नोंदींचा क्रम बदलल्यावर ते चुकू लागले, आणि जानेवारी २०२४ मध्ये मर्ज सॉर्ट परत आणावा लागला. `qsort` च्या माहितीपानावर मात्र आजही लिहिलेलं आहे की दोन घटक सारखे असतील तर त्यांचा क्रम निश्चित नसतो.